तीन किलो कमी पडले

गेली सहा वर्षं दर दिवाळीनंतर मी दौंडातल्या एका दवाखान्यात काट्यावर उभा राहतोय. काटा ६६ दाखवतो, पलीकडून आवाज येतो, "मास्तर, ठणठणीत!" आणि मी फी देऊन घरी येतो. तिथल्या भिंतीवर औषध कंपनीनं फुकट दिलेला तक्ता आहे. त्यात बीएमआय पंचविसाच्या आत असला की हिरवा पट्टा. माझी उंची १६५ सेंटिमीटर. ६६ किलोला १.६५ च्या वर्गानं, म्हणजे २.७२ नं भागलं की २४.२ येतात. हिरवळच हिरवळ! सहा वर्षांत त्या दवाखान्यात माझ्या पोटाला एकदाही टेप लागली नाही.

टेप लागली ती टेलरकडे. पुतण्याच्या लग्नाची पँट शिवायला टाकली, तेव्हा त्यानं आधी खाली माप घेतलं, मग न विचारताच बेंबीच्या वर टेप फिरवली. म्हणाला, "सर, तुम्ही पँट पोटाखाली बांधता म्हणून चौतीस पुरते. पोटावरून घेतली तर साडेअडतीस भरतेय." अख्ख्या गावाची पोटं त्याच्या वहीत लिहिलेली असतात, आणि तो पैसे फक्त शिलाईचे घेतो.

घरी येऊन रीतसर मोजलं. शर्ट वर करायचा, शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड बोटांनी चाचपायची, आणि दोन्हींच्या मधोमध टेप धरायची. टेप चहूबाजूंनी जमिनीला समांतर हवी, कातडीला टेकलेली, पण रुतलेली नको. नेहमीसारखा श्वास सोडून झाला की आकडा वाचायचा. पोट आत ओढून घेतलेलं माप फोटोपुरतं ठीक. माझं ९८ सेंटिमीटर भरलं. भारतीय पुरुषाला ९० आणि बाईला ८० ही मर्यादा आहे. एवढंही लक्षात राहत नसेल तर घेर उंचीच्या निम्म्याच्या आत असावा, म्हणजे माझा साडेब्याऐंशी. मग रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर १२८, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ६.९. दोन्ही आकडे मधुमेहाचे. ठणठणीत मास्तर!

मला राग साखरेचा नाही, तक्त्याचा आहे. कारण हा तक्ता आपल्याला लागू पडत नाही हे दाखवून देणारी माणसं पुण्यातच बसली होती. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जानेवारी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपला आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा जोडीनं फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आता युडकिन मॅरेथॉन पळणारे आणि आपले डॉक्टर लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पोहोचण्यापुरतेच पळणारे, हे त्यांनी स्वतःच मिस्कीलपणे कबूल केलं होतं. पण सगळा दोष लिफ्टवर ढकलता येत नाही. १९९३ पासून त्यांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची साडेतीन. आपली बाळं दंडानं बारीक, पोटानं बारीक, पण पाठीवरची चरबी मात्र त्या मानानं जवळजवळ शाबूत. वरून काटकुळं, आतून लोणी. ज्या जिल्ह्यात हे कळलं, त्याच जिल्ह्यात मला काट्यावरून उतरवून घरी पाठवलं जातं.

२००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी एकत्र बसून आपल्यापुरत्या रेघा आखल्या. बीएमआय २३ पासून जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा, आणि सोबत कमरेची टेप. टेप एवढ्यासाठी, की बीएमआयला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. आमच्याकडे राज्य राखीव दलाची वस्ती आहे. पावणेसहा फुटांचा, ८३ किलोचा जवान घ्या. बीएमआय २७, म्हणजे कागदावर लठ्ठ. टेप लावा, ८४ भरेल. त्याला सोडा आणि मला धरा, हे फक्त टेप सांगते. बीएमआय ३५ च्या पुढे गेला की मग टेप नवीन काही सांगत नाही, तिथं पोट डोळ्यांनाच दिसतं.

आता इंजेक्शनांची लाट आली आहे. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड भारतात आलं, जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड. लगेच चौकात चर्चा, "मास्तर, तुम्हीपण घ्या की आठवड्याला एक." भारतीय तज्ज्ञांची रेघ सांगते, वजनाचं औषध बीएमआय २७ च्या पुढे, किंवा साखर-रक्तदाबासारखा आजार जोडीला असेल तर २५ च्या पुढे. या इंजेक्शनांच्या परवान्यातली रेघ आणखी वर, ३०, किंवा आजार असेल तर २७. म्हणजे वजनासाठी म्हणून मी २४.२ वर कुठल्याच रेघेत बसत नाही. मधुमेहासाठी डॉक्टर काय देतील तो निराळा हिशेब. मला पोट उतरवायचंय आणि मांड्या-दंड भरायचेत. नुसती भूक मारली तर चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि माझ्याकडे ते आधीच तुटपुंजे. शिवाय सेमाग्लुटाइड बंद केलेल्यांवर पाहणी झाली, तेव्हा उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग वर्षभरात परत आला. लग्नापुरतं घेणाऱ्यांनी तेवढं ऐकून घ्यावं. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झाला असेल तर ते घ्यायचंच नाही, आणि स्वादुपिंडाला कधी सूज आली असेल तर डॉक्टरला आधी सांगायचं, हे चौकात कोणी सांगत नाही.

खरा तमाशा पाटसच्या माझ्या आत्तेबहिणीचा. उंची १५२, वजन ७८, बीएमआय ३३.८. आठ वर्षांचा मधुमेह, गुडघे गेलेले, चालणं आणि पथ्य सगळं करून झालेलं. भारतीय रेघेनुसार आजार जोडीला असेल तर साडेबत्तीसच्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. २०२२ मध्ये शल्यविशारदांच्या जागतिक संघटनांनी तर आशियाई माणसाला साडेसत्तावीसपासूनच ती देऊ करावी म्हटलं. सर्जननं तिला आधी सगळं नीट समजावलं. जठराची पिशवी बारीक करणार, आणि नंतर बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावं लागणार. ती तयार झाली.

मग विम्याचा कागद आला. आपल्या विमा नियामकानं २०१९ मध्ये घालून दिलेली अट अशी: बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह. या अटीत 'आशियाई' हा शब्द नाही, कमरेची टेप नाही. बहिणीला ३५ गाठायला ८१ किलो लागतात. तिला तीन किलो कमी पडले! आणि तेवढे वाढवले तरी साखर आटोक्यात नसायला हवी. बिचारीनं आठ वर्षं गोळ्या वेळेवर घेतल्या, एचबीएवनसी ६.८ वर आणली, हीच तिची चूक. जी बाई पथ्य पाळते तिचा दावा फेटाळायचा, आणि जी साखर वाऱ्यावर सोडते तिच्यासाठी दार उघडं ठेवायचं, असा हा शहाणपणा.

मी विमा कंपनीच्या माणसाला फोनवर विचारलं, रेघ कुठल्या माणसाकडे बघून आखली? तो म्हणाला, "सर, सिस्टीममध्ये तेच येतं."

बहीण शेजारीच बसली होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "दादा, तीनच किलो ना? केडगावकडं गुऱ्हाळं चालू झालीत. काकवी आणू का?"