बोट कळलं म्हणजे मन कळलं का?

‘कुत्र्याला तुमच्या मनातलं कळतं, आणि विज्ञानाने ते सिद्ध केलंय,’ असं सांगणारा रील बघितला, की माझा पहिला प्रश्न असतो: चाचणी नेमकी कशाची होती?

बहुतेकदा ती दोन झाकलेल्या वाट्यांची असते. खाणं एकीतच. माणूस एकीकडे बोट दाखवतो आणि कुत्रं कुठे जातं ते बघायचं. नुसत्या योगायोगाने निम्म्या वेळा बरोबर येणारच. त्याहून बरंच जास्त आलं तरच अर्थ. नाकाने उत्तर सापडतंय का, हे तपासायला बोट न दाखवताही चाचणी घेतात. २००२ साली ब्रायन हेअर आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं, की यात कुत्री चिंपांझींहून सरस ठरतात.

यावर शंका रास्त होती: घरातल्या कुत्र्याला बोटाचा सराव रोजच होतो. मग सराव न दिलेल्या कुत्र्यांना विचारा. कोलकात्याच्या आयसरमधल्या अनिंदिता भद्रा यांच्या गटाने तेच केलं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात रस्त्यावरची १६० कुत्री होती. काहींना माणूस बोट दाखवतच राहिला, काहींना क्षणभर दाखवून हात खाली घेतला. दुसऱ्या प्रकारात कुत्र्याला खूण लक्षात ठेवावी लागते. वाट्यांजवळ आलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के बोटाच्या दिशेने गेली. ‘हे फक्त शिकवलेल्या पाळीव कुत्र्यांनाच जमतं’ हा दावा इथे संपतो.

पण रीलवाले पुढचा आकडा गाळतात. जवळपास निम्मी कुत्री वाट्यांजवळ आलीच नाहीत. ती प्रामुख्याने भेदरलेली होती. त्यांना ‘नापास’ म्हणणं चूक आहे, कारण त्यांनी पेपरच दिला नाही. त्यांना बोट कळतं की नाही, हे ही चाचणी सांगूच शकत नाही. आणि ८० टक्के हा आकडा ‘रस्त्यावरच्या सगळ्या कुत्र्यांचा’ म्हणून खपवणं हीसुद्धा फसवणूकच.

आता मनाचा मुद्दा. ‘हा मला काहीतरी सांगू पाहतोय’ असं समजून कुत्रं वाटीकडे गेलं असेल. किंवा ‘हात जिकडे, तिकडे खाणं’ एवढंच अनुभवाने शिकलं असेल. दोन्हींत ते त्याच वाटीकडे जाणार. याच गटाच्या २०१७ च्या अभ्यासात मोठी कुत्री, माणसाचं बोट भरवशाचं आहे की नाही, यावरून आपलं वागणं बदलत होती. म्हणजे हा आंधळा आज्ञाधारकपणा नव्हे. पण भरवसा हा माणसाच्या हेतूचा हिशोब आहे की आधीच्या फळाचा, हे त्यातूनही ठरत नाही.

पास झालेली चाचणी तिने जे तपासलं तेवढंच सांगते. रस्त्यावरचं कुत्रं अनोळखी माणसाचा हात वाचतं आणि त्याचा खरेपणा जोखतं, हे पुरेसं मोठं आहे. त्यात आपलं मन घुसडायची गरज नाही.