बाण नको, नातं सांगा

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीत कसा फिरतो, याची आकृती आम्ही पातूरच्या कार्यकर्त्यांसाठी काढली. अंध सहकाऱ्यासाठी पर्यायी मजकूर लिहिला: ‘महाडीबीटीची रचना’. स्क्रीन रीडरने तेवढंच वाचलं. दादा म्हणाले, “आकृती हाये हे समजलं, पण अर्ज कुठी अडते ते नाही समजलं.”

मग आम्ही सगळंच लिहिलं: डावीकडे निळा चौकोन, त्यातून उजवीकडे बाण. हेही चुकलं. रंग आणि दिशा यांना इथे अर्थच नव्हता. शिवाय पर्यायी मजकूर सलग वाचला जातो. त्यात यादीसारखं एकेका मुद्द्यावर थांबता येत नाही.

तिसऱ्यांदा चित्राला एकच वाक्य दिलं: ‘शिष्यवृत्ती अर्जाचे चार टप्पे, दोन ठिकाणांहून अर्ज परत येऊ शकतो. तपशील खाली.’ आणि खाली यादी:

१. विद्यार्थी अर्ज भरतो. तो महाविद्यालयाकडे जातो.
२. महाविद्यालय तपासतं. त्रुटी असल्यास १ कडे परत, नसल्यास ३ कडे.
३. समाजकल्याण कार्यालय तपासतं. त्रुटी असल्यास परत, नसल्यास मंजुरी.
४. रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते.

प्रत्येक बाण क्रियापद झाला. कसोटी साधी ठेवली: “मंजुरी झाली, पैसा नाही, तर कुठं बघायचं?” दादा लगेच म्हणाले, “खातं आधारशी जोडलं हाये का ते.”

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम ४२ माहिती सुगम स्वरूपात मिळावी म्हणतं. आपली पत्रकं, आपल्या आकृत्या यातून सुटत नाहीत.