नैसर्गिक वायू : स्टॉपलॉस लावूनही तोटा जास्त का होतो?

शनिवार-रविवारी अमेरिकेतला हवामान अंदाज बदलतो आणि सोमवारी सकाळी नऊला एमसीएक्सवर नैसर्गिक वायूचा भाव शुक्रवारच्या बंद भावापासून बराच लांब उघडतो. चार्टवर मधली जागा रिकामी दिसते. हाच गॅप. मोबाईलवर सौदे करणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकतो.

हा भाव अमेरिकेतल्या हेन्री हबच्या वायूवरून ठरतो. आपल्याकडे पाऊस पडो न पडो, त्याला फरक पडत नाही. तिथे एप्रिल ते ऑक्टोबर जमिनीखालच्या साठ्यांत वायू भरतात आणि हिवाळ्यात घरं गरम ठेवायला तो काढतात. गणित कांद्याच्या चाळीसारखंच आहे. चाळ भरलेली असली की भाव दबतो. रिकामी होत आली की थंडीच्या नुसत्या बातमीने उसळतो. तिथला वायदेबाजार आपल्या सोमवारी पहाटेच सुरू होतो, त्यामुळे एमसीएक्स उघडेपर्यंत भाव हलून गेलेला असतो.

समजा, एकाने शुक्रवारी 300 रुपयांनी एक लॉट घेतला. मोठा लॉट 1250 एककांचा, म्हणजे भाव 1 रुपया हलला की 1250 रुपये. भाव 290 झाला तर बाहेर पडायचं, तोटा फार तर 12,500, असं त्याने धरलं. रविवारी थंडी कमी पडणार असा अंदाज आला आणि सोमवारी भाव 276 ला उघडला. साधी स्टॉपलॉस ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते, ती शुक्रवारी रात्रीच रद्द झाली. ती टिकली असती तरी 290 वर सौदाच झाला नाही, मग विकायचं कोणाला? तोटा 30,000 वर गेला. 250 एककांच्या मिनी लॉटमध्ये तोच 6,000 झाला असता.

दुसरी वेळ गुरुवार रात्रीची. अमेरिकेच्या साठ्याचा आकडा आपल्याकडे उन्हाळ्यात 8 वाजता, हिवाळ्यात 9 वाजता येतो. आकडा मोठा की लहान, यापेक्षा बाजाराने धरलेल्या अंदाजापेक्षा किती वेगळा, यावर भाव क्षणात उडतो किंवा पडतो.

हळदीच्या वायद्यात अडचण वेगळी. नव्या मालाची आवक अचानक वाढली आणि भाव कोसळला, की तो रोजच्या ठरलेल्या मर्यादेला जाऊन थांबतो. विकणारे रांगेत असतात, घेणारा कोणी नसतो. स्टॉपलॉस लागलेला असतो, पण सौदा होत नाही.

म्हणून शुक्रवारी रात्री लॉट ठेवायचा असेल तर स्टॉपलॉसचा आकडा पुरत नाही. सोमवारी भाव 25 रुपये उलटा उघडला तर मोठ्या लॉटमागे 31,250 रुपये जातील. ते झेपणार नसतील तर मिनी लॉट घ्यावा, नाहीतर शुक्रवारीच सौदा कापावा.