हळदीचें रोप : कळीचें कीं कॅलसचें?

वसमत, औंढा, कळमनुरी या तालुक्यांतील बागाइतदारांचा वर्षाचा हिशेब पुष्कळ अंशीं हळदीवर बसतो. वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, आणि हळदीच्या संशोधनासाठीं सरकारनें योजिलेलें हरिद्रा संशोधन केंद्रही वसमतचेंच आहे. केळीचीं ऊतिसंवर्धित रोपें, ज्यांस बाजारांत 'टिश्यूचीं रोपें' म्हणतात, तीं आपल्याकडे आतां नवीं राहिलीं नाहींत. तेव्हां हळदीचींही तशीं रोपें घ्यावींत काय, असा प्रश्न शेतकरी बंधूंच्या मनांत येणें साहजिक आहे. आमचें मत असें कीं, रोपें अवश्य घ्यावींत. मात्र तीं कळीपासून वाढविलेलीं असावींत, कॅलसपासून केलेलीं नसावींत. आणि घ्यावयाचीं तीं बेण्याच्या वाफ्यासाठीं घ्यावींत. या मताचीं कारणें पुढें देत आहों.

हळदीस उगवणारें बीं क्वचितच धरतें. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आपण जेठे गड्डे राखून तेच लावीत आलों. यांत वाण जसाच्या तसा टिकतो हा लाभ आहे; परंतु गड्ड्याबरोबर कंदकुजीची बुरशी व कीडही पुढील वर्षाच्या शेतांत जाते. शिवाय एकरीं आठ-दहा क्विंटल बेणें लागत असल्यानें चांगल्या वाणाचा प्रसार मंद गतीनें होतो. ही अडचण दूर करण्याचा मार्ग पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील नाडगौडा, मस्करेन्हस, हेंद्रे व जगन्नाथन या शास्त्रज्ञांनीं १९७८ सालींच दाखविला. गड्ड्यावरील कोवळी कळी काढून ती निर्जंतुक पोषणमाध्यमांत वाढविली, तर एका कळीपासून अनेक कोंब मिळतात, आणि प्रत्येक कोंबाचें रोप होतें, हें त्यांनीं हळदीवरच सिद्ध केलें.

हें घडतें कसें? वनस्पतीच्या बहुतेक प्रत्येक जिवंत पेशींत संपूर्ण झाड उभें करण्याची शक्ति सुप्त असते. शास्त्रांत तिला टोटिपोटन्सी म्हणतात. हाबरलांट या शास्त्रज्ञानें १९०२ सालीं ही कल्पना मांडली, आणि १९५८ सालीं स्टुअर्ड यांनीं गाजराच्या सुट्या पेशींपासून पुन्हां रोपें करून ती खरी ठरविली. पण शक्ति असणें निराळें आणि ती योग्य दिशेस वळविणें निराळें. ती दिशा ठरविणारीं दोन द्रव्यें आहेत : ऑक्सिन आणि सायटोकायनिन. १९५७ सालीं स्कूग व मिलर यांनीं तंबाखूच्या खोडांतील गाभ्यावर प्रयोग करून असें दाखविलें कीं, या दोहोंच्या परस्पर प्रमाणावर सर्व कांहीं अवलंबून असतें. सायटोकायनिनच्या मानानें ऑक्सिन फार असेल तर मुळ्या फुटतात. ऑक्सिनच्या मानानें सायटोकायनिन फार असेल तर कोंब फुटतात. आणि दोन्ही मध्यम प्रमाणांत असतील तर मूळही नाहीं व कोंबही नाहीं, असा नुसता पेशींचा पांढुरका गोळा वाढत राहतो. त्यासच कॅलस म्हणतात.

हीं द्रव्यें आपल्या शेतांतही रोज काम करीत असतात. डाळिंबाची गुटी बांधतांना आपण फांदीच्या सालीचें कडें काढतों. शेंड्याकडून सालींतून खालीं येणारें ऑक्सिन त्या कड्याच्या वरच्या कांठाशीं अडून साचतें. तेथें प्रथम कॅलसची गांठ धरते आणि मग तेथूनच मुळ्या सुटतात. कड्याच्या खालच्या कांठाशीं सहसा सुटत नाहींत. उलट तुरीचा शेंडा खुडला म्हणजे वरून येणारें ऑक्सिन कमी पडतें, सायटोकायनिनचा जोर वरचढ होतो आणि बाजूचे डोळे फुटून झाड पसरतें. प्रयोगशाळेंतील बाटलींत हेंच नियम मिलिग्रॅमनें मोजून वापरले जातात.

आतां हळदीची गोष्ट घेऊं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांतील साळवी, जॉर्ज व ईपेन यांनीं २००१ सालीं हळदीच्या पानाच्या बुडाकडील तुकड्यांपासून कॅलस केला. ज्या माध्यमांत कॅलस झाला, त्यांपैकीं एकांत दर लिटरास ५ मिलिग्रॅम एन.ए.ए. हें ऑक्सिन आणि अर्धा मिलिग्रॅम बी.ए. हें सायटोकायनिन होतें; म्हणजे ऑक्सिन दहापट. तो कॅलस पुढें ज्या माध्यमांत हलविला, त्यांपैकीं एकांत बी.ए. ५ मिलिग्रॅम आणि २,४-डी हें ऑक्सिन केवळ ०.१ मिलिग्रॅम होतें. म्हणजे आतां सायटोकायनिन पन्नासपट. पारडें असें उलटतांच कॅलसच्या पृष्ठभागावर हिरवे कोंब दिसूं लागले. शेवटीं या द्रव्यांविरहित माध्यमांत त्यांना मुळ्या फुटल्या, आणि मातींत लावल्यावर शेंकडा ९० रोपें जगलीं.

येथपर्यंतचें वाचून कोणासही वाटेल कीं, यांत वाईट तें काय? तें पुढें आहे. अशा आठ रोपांचें वारसाद्रव्य त्यांनीं तपासलें, तेव्हां मूळ झाडांत नसलेल्या ३८ नव्या ओळखपट्ट्या आढळल्या, आणि मूळ झाडांत असलेल्या सुमारें ५१ पट्ट्या दिसेनाशा झाल्या होत्या. म्हणजे रोपें जगलीं, हिरवीं दिसलीं, पण तीं हुबेहूब मूळ वाणाचीं राहिलीं नव्हतीं. त्याच शास्त्रज्ञांनीं २००२ सालीं कोंबाच्या शेंड्यापासून केलेलीं अकरा रोपें तपासलीं. त्यांत मात्र असा कांहीं फरक आढळला नाहीं.

या भेदाचें कारण समजून घेण्याजोगें आहे. कळीच्या शेंड्यांत पेशींचें विभाजन शिस्तीनें होतें. तेथें झाड आधींच मांडलेलें असतें आणि आपण त्यास फक्त अधिक फुटवे करावयास लावतों. कॅलसमध्यें ती मांडणी मोडलेली असते. पेशी वेगानें व अव्यवस्थितपणें विभागतात, गुणसूत्रांच्या वांटणींत चुका होतात, आणि त्यांतील एखाद्या बदललेल्या पेशीपासूनच नवें रोप उभें राहतें. नवा वाण शोधणाऱ्या संशोधकास हे बदल उपयोगी पडतील. सेलम लावून सेलमच काढूं इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास ते हानिकारक आहेत. हळदीचा गड्डा नऊ महिने जमिनींत असतो, म्हणून फसगत झाल्याचें कळेपर्यंत वर्ष गेलेलें असतें; आणि तेंच बेणें पुढें वांटलें गेलें तर मानांकनाचा वाणही भेसळतो.

कळीचें रोपही डोळे मिटून घ्यावें असें नव्हे. कोंब अधिक मिळावेत म्हणून सायटोकायनिन भरमसाट वापरलें, किंवा तोच कोंब पुनःपुन्हां विभागून फेऱ्या वाढवीत नेल्या, तर बुडाशीं कॅलस धरतो आणि त्यांतून निघणारे कोंब कळीचे म्हणूनच विकले जातात. एका फेरींत एकाचे चार कोंब धरले तर सहा फेऱ्यांत एका कळीचीं चार हजारांवर रोपें होतात. फेरी पांच-सहा आठवड्यांची असते. म्हणजे एका हंगामाच्या अवधींत हें काम उरकतें. यापुढें लोभानें फेऱ्या वाढविण्यास शेतकऱ्याच्या दृष्टीनें कांहींच कारण नाहीं. केळीच्या रोपांतही आठांच्या आसपास फेऱ्यांवर थांबण्याचा संकेत आहे, तो याचसाठीं.

रोप घेतांना पुढील गोष्टी पाहाव्यात. पानें काचेसारखीं पारदर्शक व ठिसूळ असतील तर तें रोप बाटलींतील दमटपणानें बिघडलेलें समजावें. बाटलींतील रोपाच्या पानावर मेणाचा थर पातळ असतो व पर्णरंध्रें नीट मिटत नाहींत. म्हणून तें सावलीगृहांत सहा ते आठ आठवडे सरावलेलें असावें, आणि पिशवींत आल्यावर त्यास निदान दोन-तीन नवीं पानें आलेलीं असावींत. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानें २००६ सालापासून ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणनाची पद्धति चालू केली आहे. रोपवाटिकेस तें प्रमाणपत्र मागावें.

रोप निरोगी आलें तरी निरोगी राहील अशी हमी नाहीं. बाटलींत बुरशी टिकत नाहीं हें खरें, पण गेल्या वर्षीं कंदकूज झालेल्या वाफ्यांत तें लावलें तर तेथील बुरशी त्यास गांठतेच. जमीन बदलणें व पाण्याचा निचरा करणें हीं कामें रोपानें चुकत नाहींत.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. बेण्याच्या गड्ड्यांत रोपास महिना-दीड महिना पुरेल अशी शिदोरी असते. टिश्यूच्या रोपास ती नसते. आल्यावर ऑस्ट्रेलियांत १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पहिल्या पिढीच्या अशा रोपांस फुटवे व मुळ्या भरपूर, पण गड्डे बारीक आढळले. आलें व हळद एकाच कुळांतील आहेत. म्हणून पहिल्या वर्षीं या रोपांकडून विक्रीच्या हळकुंडांची अपेक्षा धरणें व्यवहाराचें नव्हे.

यासाठीं आमची सूचना एका गुंठ्याची आहे. साडेचार फुटांच्या गादीवाफ्यावर दोन ओळी व रोपांत एक फूट अंतर धरल्यास गुंठ्यास सुमारें ४८४ रोपें लागतात. पहिल्या वर्षीं गड्डे बारीक असल्यानें बेण्याची वाढ चौपटच धरूं. म्हणजे दुसऱ्या वर्षीं चार गुंठे. पुढें सहापट धरली तर तिसऱ्या वर्षीं चोवीस गुंठे, आणि चौथ्या लागणीस साडेतीन एकरांहून अधिक क्षेत्रास पुरेल इतकें स्वतःचें बेणें होतें. एकदम एकरभर रोपें विकत घेण्याचा खर्च वांचतो, आणि तपासणीस तीन हंगाम मिळतात.

ही तपासणी शेतकऱ्यानेंच करावयाची आहे. शेजारीं त्याच वाणाच्या गड्ड्यांची एक ओळ लावावी. पानांची रुंदी, झाडाची उंची, फुटव्यांची संख्या व पाला पिवळा पडण्याची वेळ यांत जें झाड निराळें दिसेल त्यास काठी रोवून खूण करावी, आणि काढणीपूर्वीं तें गड्ड्यासकट उपटून वेगळें काढावें. उरलेल्यांतील कांहीं गड्डे मोडून आंतला रंग शेजारच्या ओळीशीं ताडून पाहावा.

हरिद्रा संशोधन केंद्रास व रोपवाटिका चालविणाऱ्यांस आमचें मागणें एवढेंच कीं, प्रत्येक पिशवीच्या चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहाव्यात : मातृगड्डा कोणत्या वाणाचा, रोप कळीचें कीं कॅलसचें, आणि फेऱ्या किती झाल्या. ज्या चिठ्ठीवर या तीन गोष्टी नसतील, तीं रोपें शेतकऱ्यानें गाडींत घालूं नयेत.