हिरव्या पानाची पिशवी

गेल्या पर्युषणात आमच्या मंडळाने प्रभावनेचे नारळ हिरव्या पिशव्यांतून वाटले. पिशवीवर एक पान आणि ठळक अक्षरांत ‘१०० टक्के विघटनशील’. प्लास्टिकचं पाप टळलं म्हणून आम्ही सगळ्या खूश. मी माझी पिशवी कापून गच्चीवरच्या खताच्या माठात घातली. चार महिन्यांनी भाजीच्या सालींचं काळंभोर खत झालं होतं. पिशवीचे तुकडे मात्र जसेच्या तसे, वरचं पानसुद्धा शाबूत!

दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, “ताई, ते घरी होत नाही, कारखान्यात होतं.” मग तसं छापलं का नाही?

त्याचं म्हणणं अर्धं खरं असू शकतं. कुजणाऱ्या प्लास्टिकची परीक्षा सुमारे ५८ अंश उष्णतेत घेतात. १८० दिवसांत जिवाणूंनी त्याचा ९० टक्के भाग संपवला तर ते पास. माझ्या माठात किंवा नाल्यात एवढी ऊब कुठून टिकणार? म्हणूनच प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत अट आहे, की अशा पिशवीवर ‘फक्त औद्योगिक खतप्रकल्पात कुजते’ असं लिहावं. ‘विघटनशील’ म्हणायचं असेल तर किती दिवसांत आणि कुठे, मातीत की पाण्यात, हेही सांगावं. शिवाय केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. आमच्या पिशवीवर यातलं काहीच नव्हतं. होतं ते फक्त पान.

ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा हिरव्या दाव्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ‘पर्यावरणस्नेही’, ‘हिरवं’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरायचे नाहीत, हे त्यांत स्पष्ट आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंडही होऊ शकतो. छान. पण गल्लीतल्या पिशवीपर्यंत तो कायदा आपल्या पायांनी चालत येत नाही. कुणीतरी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करावा लागतो, आणि आपण तो करत नाही. कारण, खरं सांगू का, ते पान आपल्यालाही हवंच असतं. सवय न सोडता मन हलकं होतं ना!

स्वच्छतेत २०१७ पासून अनेक वर्षं पहिलं आलेलं आपलं इंदूर. ओला-सुका कचरा वेगळा करताना आपण कुणाला ऐकत नाही. मग ही पिशवी कुठल्या डब्यात टाकायची, हे तरी आपल्यातल्या किती जणींनी विचारलं? ओल्यात टाकली तर ती तिथे कुजेलच असं नाही. सुक्यात गेली तर इतर प्लास्टिकच्या पुनर्वापरात मिसळून तो माल बिघडवते. अर्धं सत्य सांगून विकणं हे असत्यच, आणि न विचारता वाटणं हा त्यातला आपला वाटा.

यंदा मी मंडळात एवढंच म्हटलं, “नारळाला पिशवी लागतेच कशाला?” थोडी कुरकुर झाली. मग नारळ हातातच दिले.