पत्रकातल्या तीन चौकटी आणि बाईचं गर्भाशय

मैत्रिणींनो, एक चूक कबूल करायची आहे. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला. पगार वाढल्यामुळे ई.एस.आय.बाहेर पडलेल्यांसाठी कंपनीने गट विमा आणला. स्वस्त योजनेत प्रतीक्षा काळ होता. महागडीत तो माफ, पण हप्ता जास्त. चाळीस पानी इंग्रजी पुस्तिकेचं एक पानी मराठी पत्रक मी केलं. तीन चौकटी आखल्या : कोणते उपचार, किती प्रतीक्षा, कुटुंबात कोण. साहेब म्हणाले, "छान, सुटसुटीत!"

पहिल्या चौकटीत लिहिलं, 'गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया : मिळते.' दुसरीत लिहिलं, 'काही ठरावीक आजार : २४ महिने.' कोणते, ते लिहिलं नाही, जागा नव्हती. त्या यादीत मोतीबिंदू आणि हर्नियाबरोबर गर्भाशयाची शस्त्रक्रिया होती, स्तनातल्या साध्या गाठीही होत्या.

आमच्या पॅकिंग विभागातल्या ताईंनी पहिली चौकट वाचली आणि स्वस्त योजना घेतली. विमा १ एप्रिल २०२४ ला सुरू झाला. नोव्हेंबरमध्ये अंगावरून जाणं थांबेना, गाठींमुळे गर्भाशय काढावं लागलं. दावा फेटाळला गेला. मी पुस्तिका पुन्हा उघडली. २४ महिने धरले तर १ एप्रिल २०२६. पण गाठी २०२३ च्या सोनोग्राफीतच दिसल्या होत्या, म्हणजे तो आधीपासूनचा आजार, त्याला ३६ महिने. दोन्ही अटी लागू असतील तर जी मुदत मोठी ती धरायची, असं कलमात स्पष्ट होतं. म्हणजे १ एप्रिल २०२७! तोवर बाईने रक्त जाऊ द्यायचं?

तिसरी चौकट तर आणखी शहाणी. 'आईवडील किंवा सासूसासरे, एकच जोडी. निवड नोंदणीच्या वेळीच.' हा फॉर्म किती जणी घरी नेऊन नवऱ्याकडून भरून आणतात, ते मी टेबलामागून पाहिलंय. हप्ता बाईच्या पगारातून, आणि तिची आई मात्र बाहेर.

कोणी म्हणेल, पत्रक छोटं करायचं म्हणजे काही गाळावंच लागतं. कबूल. पण गाळलं काय? नेमकी बाईच्या अंगाशी येणारी अट! खोटं एक अक्षर नव्हतं, तरी पत्रक फसवं होतं, कारण उपचार एका चौकटीत आणि त्याची अट दुसरीत होती.

आता मी चौकटी मोडल्या आहेत. एका उपचाराला एक ओळ : काय मिळतं, कोणाला, कोणत्या तारखेपासून. महिने नाही, तारीख. 'आजार आधीच माहीत असेल तर' याची वेगळी तारीख. आधी दुसरा विमा खंड न पडता चालू असेल तर तो काळ वजा होतो का, तेही त्याच ओळीत. पत्रक दोन पानी झालं. साहेब कुरकुरले.

कुरकुरू देत. तुमच्या कारखान्यात असं पत्रक आलं, तर सही करण्याआधी 'ठरावीक आजारांची यादी' मागा आणि त्यात गर्भाशय शोधा. सापडेल.