सायनस की ॲलर्जी? आधी तारीख लिहा!

भारतातून परत येताना आपल्या बॅगेत काय काय असतं, हे इथल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, आणि एका कोपऱ्यात, चड्डी-बनियनमध्ये गुंडाळलेली गोळ्यांची पिशवी. त्या पिशवीत अँटिबायोटिकची दोन-तीन पाकिटं असतातच. 'तिकडे डॉक्टर लवकर भेटत नाहीत, असू देत जवळ,' असं म्हणून आईने दिलेली. माझं आजचं भांडण त्या पाकिटाशी आहे. आणि ते मी दोनदा चूक करून शिकलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी टेक्सासमधल्या ऑस्टिनला राहतो, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. इथे आल्यावर पहिल्याच जानेवारीत नाक बंद झालं. दिवसाला तीस-चाळीस शिंका, नाकातून पाण्यासारखी धार, डोळ्यांना आणि टाळूला खाज. आठवडा झाला, दहा दिवस झाले, थांबायचं नाव नाही. आईला सांगली फोन लावला. ती म्हणाली, "अरे, सायनस झालाय तुला. तुझ्या बाबांनाही व्हायचा. दिलेल्या गोळ्या घे ना!" घेतल्या. रोज एक, तीन दिवस. चौथ्या दिवशी बरं वाटलं, आणि मी ती गोळी रामबाण आहे असं सगळ्यांना सांगत सुटलो.

ऑफिसमधला एक जुना ऑस्टिनकर हसला. म्हणाला, "गोळीने नाही, परवाच्या पावसाने बरा झालास." इथे आजूबाजूच्या टेकड्यांवर जुनिपरची झाडं आहेत. लोक त्यांना माउंटन सीडर म्हणतात. साधारण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत त्यांचे पराग हवेत असतात. नर झाडं तपकिरी दिसायला लागतात आणि वारा सुटला की त्यांतून धुरासारखा लोट निघतो. त्या ॲलर्जीला इथे 'सीडर फीवर' म्हणतात, पण नावात फीवर असला तरी त्यात खरा ताप येत नाही. पावसाने हवेतले पराग खाली बसले, माझं नाक सुटलं, आणि श्रेय गोळीला मिळालं. परागांवर अँटिबायोटिकचा काय परिणाम होणार? काहीच नाही.

ही पहिली चूक. दुसरी चूक बरोबर उलटी.

गेल्या जानेवारीत मुलीने पाळणाघरातून सर्दी आणली. मला ४ तारखेला घसा दुखायला लागला, मग नाक वाहायला लागलं, थोडी कणकण आली. १० तारखेपर्यंत जवळजवळ बरा झालो, ऑफिसला गेलो. १२ तारखेला नाक पुन्हा गच्च. या वेळी धार नव्हती; घट्ट, पिवळट-हिरवट शेंबूड होता आणि तो घशात मागे उतरायचा. गालांच्या हाडामागे कुणीतरी आतून दाबतंय असं वाटायचं. बुटाची नाडी बांधायला वाकलो की तो दाब वाढायचा. वरच्या दाढा ठणकायच्या. सकाळच्या चहाचा वासच येईना.

मी काय ठरवलं? जानेवारी आहे, म्हणजे सीडर. आता मी शहाणा झालो होतो ना! रोज सेटिरिझिनची गोळी सुरू केली. काही फरक नाही. १६ तारखेला दुकानातून नाक मोकळं करणारा ऑक्सिमेटाझोलिनचा स्प्रे आणला. तो मारला की पाच मिनिटांत नाक उघडायचं, म्हणून दिवसातून दोनदा, मग तीनदा मारू लागलो. शेवटी बायको म्हणाली, "तू ऑफिसात प्रत्येक बिघाडाचा लॉग बघतोस. स्वतःचा कधी बघणार?" मग २७ तारखेला, म्हणजे चोविसाव्या दिवशी, डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरबाईंनी शेंबडाचा रंग विचारला, पण तो शेवटी. आधी तीन प्रश्न विचारले. कधी सुरू झालं? मध्ये बरं वाटलं होतं का? खाज येते का? मी कागदावर तारखा लिहून नेल्या होत्या. त्या बघून त्या म्हणाल्या, "उत्तर इथेच आहे."

त्यांनी जे समजावलं ते असं. साधी विषाणूची सर्दी तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त त्रास देते आणि मग उतरू लागते. खोकला, घशातली खवखव रेंगाळते, पण दिशा उताराची असते. सायनसमध्ये जिवाणूंचा संसर्ग झाल्याचा संशय तीन परिस्थितींत घ्यायचा. पहिली, दहा दिवस उलटले तरी अजिबात उतार नाही. दुसरी, सुरुवातीलाच १०२ फॅरेनहाइटच्या आसपास किंवा वर ताप, आणि त्याबरोबर घट्ट पुवासारखा स्राव किंवा चेहऱ्यात वेदना, असं सलग तीन-चार दिवस. तिसरी, पाच-सहा दिवसांनी बरं वाटू लागलं आणि मग पुन्हा बिघडलं. माझं हे तिसरं होतं. १० तारखेचा उतार आणि १२ तारखेची उसळी.

ॲलर्जीची चाल वेगळी. तिथे खाज हा मोठा पुरावा: नाकाला, डोळ्यांना, टाळूला. शिंका एकामागून एक. स्राव पातळ आणि पारदर्शक. ताप नाही. आणि ती हवेबरोबर हलते. बाहेर फिरून आलं की वाढते, पाऊस पडला की कमी होते. पहिल्या वर्षी माझं सगळं असंच होतं. गेल्या वर्षी खाज शून्य होती आणि मी तिकडे लक्षच दिलं नाही.

मग रंगाचं काय? आपल्याकडे 'हिरवा झाला म्हणजे इन्फेक्शन, गोळी घ्या' हे सूत्र पक्कं बसलंय. हिरवटपणा येतो तो शरीराच्या पांढऱ्या पेशींमधल्या एका द्रव्यामुळे. त्या पेशी विषाणूशी लढायलाही येतात. त्यामुळे साध्या सर्दीतही चार-पाच दिवसांनी शेंबूड पिवळा-हिरवा होतो आणि आपोआप निवळतो. मोठ्या माणसांच्या शंभर सर्दींपैकी जेमतेम एक-दोन जिवाणूंच्या सायनसपर्यंत जातात. रंग बघून गोळी घेणारा माणूस बाकीच्या अठ्ठ्याण्णव वेळा विनाकारण गोळी खातो.

मुळात नाक तुंबलं की गालात दाब का येतो? गालाच्या हाडातली पोकळी म्हणजे एक टाकी समजा. गंमत म्हणजे तिचं निचऱ्याचं भोक तळाला नाही, वर आहे. आतल्या अस्तरावरचे बारीक केस शेंबूड वर ढकलत त्या भोकापर्यंत नेतात. सर्दीने किंवा ॲलर्जीने अस्तर सुजलं की भोक बंद, टाकी तुंबली. तुंबलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात. म्हणूनच ॲलर्जी आणि सायनस हे अगदी परके नाहीत; एकीच्या पाठोपाठ दुसरा येऊ शकतो.

डॉक्टरांनी टॉर्चने नाकात बघितलं. आतलं अस्तर लालभडक आणि मधल्या फटीतून पू उतरताना दिसत होता. ॲलर्जीत तेच अस्तर बहुधा फिकट, निळसर आणि फुगलेलं दिसतं, असं त्या म्हणाल्या. सीटी स्कॅन लागला नाही. प्रकृती बरी असेल तर काही जणांना निदानानंतरही आठवडाभर वाट बघायला सांगतात, कारण बरेच जण गोळीशिवाय बरे होतात. पण माझे तीन आठवडे उलटले होते, म्हणून त्यांनी सात दिवस ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक ॲसिड दिलं. मी चाचरत बॅगेतल्या ॲझिथ्रोमायसिनबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, सायनससाठी ती आता पहिली निवड नाही. या आजाराचे नेहमीचे जिवाणू तिला बऱ्याचदा दाद देत नाहीत. म्हणजे पाकिटातली गोळी ॲलर्जीवर निरुपयोगी होतीच, खऱ्या सायनसवरही भरवशाची नव्हती!

स्प्रेवरून मात्र बोलणी खाल्ली. तो तीन दिवसांपेक्षा जास्त वापरायचा नसतो. नंतर त्याचा असर उतरला की अस्तर आधीपेक्षा जास्त सुजतं, आणि माणूस पुन्हा तोच मारतो. मी बारा दिवस मारत होतो. त्याऐवजी फ्लुटिकॅसोनचा स्प्रे दिला. तो लगेच नाक उघडत नाही, पूर्ण परिणामाला काही दिवस लागतात. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजवीत मारायचा, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न जाता बाहेरच्या बाजूला जातो.

आणि मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितलं, आपली जलनेतीच. आयोडीन नसलेलं तीन चमचे मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा एकत्र करून ठेवायचा. त्यातला एक चमचा साधारण २४० मिलिलिटर कोमट पाण्यात. पण पाणी डिस्टिल्ड, किंवा उकळून गार केलेलं. नळाचं थेट कधीच नाही. नळाच्या पाण्यातला एक अमीबा पोटात गेला तर काही करत नाही, नाकातून वर गेला तर मेंदूपर्यंत पोचतो. असं फार क्वचित होतं, पण झालं तर माणूस बहुधा वाचत नाही. अमेरिकेतलं पाणी स्वच्छ म्हणून ही सूट घेऊ नका.

पाचव्या दिवशी सकाळी चहाचा वास आला. आलं घातलेलं होतं, तेही कळलं.

माझं म्हणणं एवढंच की बॅगेतलं ते पाकीट उघडण्याआधी कागद घ्या. सुरुवातीची तारीख, उताराचा दिवस, पुन्हा बिघडलेला दिवस आणि खाज आहे की नाही, एवढं लिहा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. दाब, वास न येणं, घट्ट स्राव हे बारा आठवडे चालू असेल तर तो जुनाट सायनस; तिथे कान-नाक-घशाचे डॉक्टर दुर्बिणीने बघतात किंवा स्कॅन करतात. एकाच बाजूने घाण वासाचा स्राव येत असेल तर वरची दाढ किडली आहे का, तेही तपासून घ्या. तिच्या मुळाचा संसर्ग थेट वरच्या पोकळीत जातो. आणि डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणं, मान आखडून भयंकर डोकेदुखी किंवा बरळणं यांपैकी काही असेल तर कागद-बिगद काही नको, तडक इमर्जन्सी गाठा.

या वर्षी आईने पुन्हा गोळ्या काढल्या. मी म्हटलं, "आई, त्या जागी मेतकूट दे." ती जरा रुसली, पण दिलं. दोन पाकिटं.

– एक वाचक, ऑस्टिन, टेक्सास